कौटुंबिक कारणास्तव

त्याला घरीदारी सगळे मॅनेजरच म्हणत. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या विभागाचा तो खरोखरच मॅनेजर होता, पण आईसुद्धा पोराला त्याच नावाने हाक मारू लागली याला कारण त्याचा हुद्दा नव्हता, त्याची ऐट होती. घरात काडी इकडची तिकडे न करता, सगळं आपल्या डोक्यावर उभं आहे असा चेहरा करून तो खुर्चीत बसायचा. बसण्याचं काम मात्र मन लावून करायचा.

त्याच्याकडे एक त्याग होता. लोक चांदीची भांडी जपतात तसा त्याने तो जपला होता, आणि पाहुणे आले की बाहेर काढायचा. "मी हललो नाही," तो सांगायचा. "बाहेरून किती बोलावणी आली. पण घर, आई, मुलगी. म्हटलं, मरू दे करिअर. नाहीतर आज कुठल्या कुठे असतो." हे त्याने लग्नाच्या मांडवात सांगितलं होतं, सहकाऱ्याच्या निरोप समारंभात त्या बिचाऱ्याचं भाषण राहिलं बाजूला तरी सांगितलं होतं, आणि दाताच्या डॉक्टरने तोंडातून हत्यार बाहेर काढल्या काढल्या त्यालाही ऐकवलं होतं.

ऐकणारे माना हलवायचे. त्याची बायको मात्र त्या वेळी नेमकी उठून पाणी आणायला जायची. 'किती बोलावणी' म्हणजे एक बोलावणं होतं, आणि त्या मुलाखतीला हा सर्दी झाली म्हणून गेला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रुमाल तिनेच दिला होता.

ती स्वतः त्याच धंद्यातली. लग्नाआधी दोघं एकाच कारखान्यात होते. ती व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे नवं यंत्र, शुद्ध पाण्याची टाकी, खोल्यांमधली हवा, हे सगळं ठरवून दिल्याप्रमाणे चालतं की नाही ते पुन्हा पुन्हा तपासून सिद्ध करायचं काम. कारखान्यात तिला पाणीवाली म्हणत, कारण हातात नमुन्याच्या बाटल्या घेऊन ती सारखी नळांपाशी दिसायची. मुलगी झाल्यावर ती नोकरी सुटली. आता घराजवळच्या एका लहान पॅकिंग युनिटमध्ये ती खोके आणि लेबलं तपासायची. याला कुणी त्याग म्हटलं नव्हतं. घराजवळ मिळालं, नशीब, असंच सगळे म्हणाले होते, आणि मॅनेजर सगळ्यात मोठ्याने.

तर रविवारी सकाळी मॅनेजरच्या फोनवर निरोप आला. एका कन्सल्टन्सीतल्या मुलीचा होता. कारखान्यांना माणसं शोधून देण्याचं तिचं काम. मॅनेजरने चष्मा लावला, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला घेतलं. एक नामांकित औषध कंपनी दुसऱ्या शहरात नवा प्लांट उभारते आहे, उत्पादन प्रमुखाची जागा आहे, आपला अनुभव अनुरूप वाटतो. "आपण या पदासाठी त्या शहरात राहायला जाण्यास तयार आहात का? कृपया कळवावे, म्हणजे आपली माहिती कंपनीकडे पाठवता येईल."

वाचून झाल्यावर त्याने फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत एक लांब उसासा सोडला. आता घरातून गलका होईल, आई डोळ्यांना पदर लावेल, मुलगी बाबा बाबा करेल, बायको म्हणेल तुम्ही गेलात तर आमचं कसं, अशी त्याची अटकळ होती. मग तो 'नाही म्हणून कळवतो' म्हणणार होता. त्यागाला नवी झळाळी आली असती.

"बघा," तो म्हणाला. "आता काय उत्तर द्यायचं माणसाने?"

"हो म्हणून द्या," बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने मान वर केली नाही.

मॅनेजरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "दुसऱ्या शहरात आहे ते."

"ऐकलं की. उत्पादन प्रमुख. तुम्ही म्हणताच ना, इथे तुमची किंमत नाही."

"पण आईचं काय?"

आई टेबलाशी बसून मटार सोलत होती. "आईचं काय म्हणजे?" ती म्हणाली. "आई मेली नाही अजून, इथेच बसलीय. तिलाच विचार."

"तसं नाही. तुझा गुडघा आहे, औषधपाणी आहे."

"माझं कुठलं औषध सकाळचं आणि कुठलं रात्रीचं, सांग बरं."

मॅनेजर घाईने मुलीकडे वळला. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि केस पुसत दारात उभी होती. "हिची परीक्षा येतेय. अशा वेळी बाप घरात नको?"

"मला चालेल," मुलगी म्हणाली. "म्हणजे तुम्ही गेलात तर पुढची खोली मिळेल अभ्यासाला. बाबा, खरंच जा. चांगली पोस्ट आहे."

तिघींच्या बोलण्यात राग नव्हता, हेच त्याला जास्त लागलं. रागावल्या असत्या तर त्याला समजूत घालता आली असती. या तर स्टेशनवर सोडायला आल्यासारख्या प्रसन्न होत्या. गावभर मिरवलेला खांब काढून घेतला तरी छप्पर जागच्या जागी राहतं, असं त्याला आपल्याच घरात बसून बघावं लागलं. अशा वेळी शहाणा माणूस खांब असल्याचं सोंग सोडून देतो. मॅनेजरने मात्र फोन उचलला आणि उत्तर लिहिलं, "होय, योग्य संधी असल्यास तयार आहे." त्याला वाटलं, लिहायला काय जातं, शंभर जणांना विचारलं असेल, आपल्यापर्यंत येतंय कुठे.

आलं. माणूस कामात अगदीच टाकाऊ नव्हता. पंचवीस वर्षं गोळ्या केल्या होत्या, यंत्रं कळत होती, आणि मुलाखतीत भारदस्त बोलणं तर त्याच्या रक्तातच होतं. आधी व्हिडिओवर बोलणं झालं, मग कंपनीने प्लांट बघायला बोलावलं. कन्सल्टन्सीतल्या मुलीने मुलाखतीआधी पुन्हा विचारलं, "सर, तिकडे राहायला जायचं नक्की ना?" तो म्हणाला, "अर्थात." प्लांट बघून आल्यावर तिने तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तर तो म्हणाला, "मॅडम, मी शब्दाचा माणूस आहे."

तिसऱ्यांदा विचारण्यामागे तिचं कारण होतं. माणूस कामावर हजर झाला तरच कंपनी कन्सल्टन्सीला पैसे देते. निवड होऊन ऐन वेळी माघार घेतली, तर महिन्याभराची धावपळ पाण्यात. आणि राहतं शहर सोडायची वेळ आली की भल्या भल्या शब्दाच्या माणसांच्या घरी अचानक कुणीतरी आजारी पडतं, हा तिचा रोजचा अनुभव होता.

नेमणुकीचं पत्र आलं. सामान हलवायचा खर्च कंपनीचा, पहिला महिना गेस्टहाउसमध्ये राहायची सोय, पगारही चढा. मॅनेजरने पत्र छापून आणलं आणि ते टेबलावर असं ठेवलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं. बायकोने मोठी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली, त्या बॅगेकडे मात्र तो सापाकडे बघावं तसा बघायचा.

ऑफिसात त्याने आपल्या साहेबाच्या कानावर हळूच घातलं. 'तुमच्यावाचून आमचं कसं होणार' एवढं एक वाक्य तरी तिथे मिळेल अशी आशा होती. साहेबाने हात पुढे केला. "अभिनंदन. फक्त नोटीसचा काळ पूर्ण द्या, म्हणजे तुमच्या जागी माणूस तयार करता येईल. तसा एक आहे डोळ्यासमोर."

त्या संध्याकाळी मॅनेजरने कन्सल्टन्सीतल्या मुलीला लिहून टाकलं, "कौटुंबिक कारणास्तव मी ही संधी स्वीकारू शकत नाही. क्षमस्व." पाठवल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. चहासुद्धा मागितला.

चहा येईपर्यंत तिचा फोन आला. मॅनेजर फोन कायम स्पीकरवर घ्यायचा. आपल्याला कोणाकोणाचे फोन येतात हे घराला कळावं म्हणून लागलेली ती सवय. त्या दिवशी ती अंगाशी आली.

"सर, तुमचा मेसेज मिळाला," मुलगी म्हणाली. आवाज सभ्य होता, पण त्याखाली दात आवळल्याचं कळत होतं. "काय अडचण आहे ते सांगाल का? पत्नीच्या नोकरीचा प्रश्न असेल तर कंपनीशी बोलता येईल. मुलांच्या शाळेसाठी ते मदत करतात. रुजू व्हायची तारीखही थोडी पुढे जाईल."

"तसं नाही मॅडम. घरची मंडळी. त्यांची मानसिक तयारी होत नाही. आई तर जेवत नाहीये. शेवटी माणूस कमावतो कोणासाठी?"

जेवत नसलेली आई समोर बसून टोस्ट चहात बुडवत होती. बायकोने कप टेबलावर ठेवला आणि फोनकडे वाकून शांतपणे म्हणाली, "नमस्कार. मी यांची बायको. घरच्यांची तयारी आहे. बॅगसुद्धा काढून ठेवलीय. तुम्ही कागदावर काय लिहायचं ते लिहा, पण कौटुंबिक लिहू नका. या कारणाचं कुटुंबाला काही माहीत नाही."

मॅनेजर हातवारे करत होता. ते फोनला दिसत नव्हते आणि घरातलं कोणी बघत नव्हतं.

"ठीक आहे," फोनमधली मुलगी म्हणाली. "उमेदवाराचं वैयक्तिक कारण, असं लिहिते. सर, एक विनंती. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर नाव सुचवा. या प्लांटसाठी आम्हाला बरीच माणसं भरायची आहेत. व्हॅलिडेशनची जागा तर दोनदा भरून दोनदा रिकामी झालीय. सगळे हो म्हणतात आणि शेवटी शहर सोडत नाहीत."

मॅनेजर म्हणाला, "बघतो, विचार करून सांगतो." ही त्याची फोन बंद करण्याची पद्धत होती.

"व्हॅलिडेशन कशाचं?" बायकोने विचारलं. "पाणी आणि हवा, की यंत्रंसुद्धा?"

"सगळंच, मॅडम. प्लांट अजून सुरू व्हायचाय. तुमच्या ओळखीचं आहे कोणी?"

"मी आहे," ती म्हणाली. "नंबर लिहून घ्या."

तिने हे ठरवून केलं नव्हतं. नंतर भांडी घासताना तिने एकच कढई दोनदा घासली. आपण नवऱ्याची जिरवायला बोललो की आपल्याला खरंच जायचंय, हे तिचं तिलाच कळेना. पण नवा, अजून न सुरू झालेला प्लांट तिने आयुष्यात एकदाच बघितला होता. नळांना अजून हातसुद्धा लागलेला नसतो, खोल्यांमध्ये रंगाचा वास असतो, आणि हे सगळं चालतंय असं आपण म्हटल्याशिवाय एक गोळी बाहेर पडत नाही. लेबलांवरच्या तारखा तपासताना ते तिला अधूनमधून आठवायचं. कोणाला सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर निरोप आला. तोच साचा, तेच शब्द, फक्त पदाचं नाव वेगळं. आपण या पदासाठी त्या शहरात राहायला जाण्यास तयार आहात का?

संध्याकाळी सगळे घरात असताना तिने तो वाचून दाखवला. घसा साफ केला नाही की खिडकीबाहेर बघितलं नाही.

महिन्यापूर्वी जे घर मॅनेजरला हसत हसत निरोप द्यायला निघालं होतं, ते आता दचकलं. आईच्या हातातली पेन्सिल शब्दकोड्यावर तशीच राहिली. मुलीने कानातले इअरफोन काढले.

"तू कशी जाशील?" मॅनेजर म्हणाला.

"बसने. नाहीतर गाडीने."

"थट्टा नको. मी म्हणतोय, घराचं काय?"

"घर इथेच राहील. घराला कोणी बोलावलं नाही."

आई म्हणाली, "अगं, पण माझ्या गुडघ्याची तपासणी आहे. तो डॉक्टर काय बोलतो ते तुलाच समजतं."

"आई," मुलगी म्हणाली, "माझी परीक्षा झाल्यावर नाही का चालणार? म्हणजे तू जा, पण लगेच नको. सकाळी उठवायचं कोणी? डबा?"

बायकोने तिघांकडे एकेक करून बघितलं. तिला हसू आलं, आणि पाठोपाठ रागही आला. नवरा जाणार होता तेव्हा गुडघा दुखत नव्हता. परीक्षेला पुढची खोली मिळणार होती. ती जाणार म्हटल्यावर घराच्या सगळ्या बिजागऱ्या एकदम करकरायला लागल्या. इतकी वर्षं तिला कोणी खांब म्हटलं नव्हतं, कारण म्हटलं असतं तर आभार मानावे लागले असते. त्यापेक्षा तिच्या भरवशावर निर्धास्त राहिलेलं स्वस्त पडत होतं.

"ह्यांना तर तुम्ही दोघी लगेच पाठवायला निघाला होतात," ती सासूला म्हणाली.

"त्याची गोष्ट वेगळी," सासू म्हणाली. "तो गेला काय आणि राहिला काय." म्हणता म्हणता तिला आपण काय बोललो ते कळलं आणि तिने पेन्सिल खाली ठेवली. म्हातारी तोंडाची फटकळ होती, पण मूर्ख नव्हती. "खरं आहे बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "मला माझंच पडलंय."

मॅनेजर उभा राहिला. उभं राहिलं की आपलं म्हणणं वजनदार होतं असं त्याला वाटायचं. "मी इतकी वर्षं या घरासाठी थांबलो. एक संधी घेतली नाही. आणि तू एका मेसेजवर निघालीस?"

"तुम्ही थांबलात ते बरंच झालं," बायको म्हणाली. "म्हणून तर मला जाता येतंय. आई एकट्या नाहीत, पोरगी एकटी नाही. तुम्ही आहात. तुम्ही कालच त्या मुलीला सांगितलंत ना, माणूस कमावतो कोणासाठी. आता इथे राहून तेच बघा."

मॅनेजर पुन्हा बसला.

तिने मात्र 'होय, तयार आहे' असं लगेच लिहिलं नाही. नवऱ्यासारखं हवेत सोडून द्यायचं उत्तर तिला द्यायचं नव्हतं. एक दिवस विचार करून तिने कन्सल्टन्सीतल्या मुलीला प्रश्न पाठवले. काम पूर्ण वेळ प्लांटवरच आहे, की कागदपत्रांचं काही काम इथून करता येईल? सुरुवातीला रात्रपाळी पडेल का? गेस्टहाउसची मुदत संपेपर्यंत घर मिळालं नाही तर काय? सामान हलवायचा खर्च कंपनी देते म्हणतात, पण वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत मागतात का? शेवटी लिहिलं, "याची उत्तरं समाधानकारक असतील तर मी राहायला यायला तयार आहे. सध्याच्या नोकरीत महिन्याची नोटीस द्यावी लागेल. त्याआधी येता येणार नाही."

कन्सल्टन्सीतल्या मुलीने फोनच केला. "मॅडम, खरं सांगू? हे वाचून बरं वाटलं. नुसतं हो हो म्हणणारे शेवटी गळतात. प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा येतो." मग तिने उत्तरं दिली. काम प्लांटवरच, पहिले काही महिने तरी एकही दिवस घरून नाही. पाण्याची तपासणी सुरू झाली की सुट्टीच्या दिवशीही नमुने घ्यावे लागतील, ते पाळीपाळीने. गेस्टहाउस आणखी पंधरवडाभर वाढवून मिळतं, पण आधी लेखी मागायचं. खर्च परत मागतात, होय, वर्षाच्या आत सोडलं तर. ते कलम पत्रात असतं, लोक वाचत नाहीत.

"चालेल," बायको म्हणाली.

"आणि मॅडम," मुलगी जरा अडखळली, "मी विचारणं बरोबर नाही, पण आधीचं बघता... घरी बोलणं झालंय ना? सरांची परवानगी वगैरे?"

"सरांना तुम्ही तीन वेळा विचारलंत. त्यात माझ्या परवानगीचं एकदा तरी विचारलंत?"

"नाही."

"मग मलाही विचारू नका."

"बरोबर आहे मॅडम," ती म्हणाली, आणि यावेळी तिच्या आवाजातली व्यवसायाची गोडी गळून पडली होती.

मुलाखत सरळ झाली. तांत्रिक प्रश्नांत मधल्या वर्षांचा गंज दिसला. दोन नवे नियम तिला माहीत नव्हते, तसं तिने सांगितलं आणि वाचून काढीन म्हणाली. प्लांटच्या प्रमुखाने शेवटी, जसं काही सहज सुचलं अशा सुरात विचारलं, "तुमचे मिस्टर तर आले नाहीत. तुम्ही कशा याल?"

"त्यांना काय वाटलं ते त्यांनी तुम्हाला कळवलं," ती म्हणाली. "मला काय वाटतं ते मी कळवते आहे. दोन वेगळे अर्ज आहेत."

पत्र आलं, नवऱ्याच्या पत्राहून पातळ पगाराचं. तिने सही करून पाठवलं आणि ते कुठेही मांडून ठेवलं नाही.

नोटीसचा महिना घरात बिचकत बिचकत गेला. मॅनेजर म्हणाला, "मला सगळं एका कागदावर लिहून दे. आईची औषधं, गॅसवाला, सगळं." ती म्हणाली, "आईंना तोंड आहे. त्यांना विचारा. औषधाच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, तुम्ही तेच छापून विकता." त्याला हे क्रूर वाटलं, आणि आपण सहन करतोय असा चेहरा त्याने केला. मुलीने मात्र दोनतीन दिवस फुगून झाल्यावर गजर लावायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी उठली नाही. दुसऱ्या दिवशी उठली आणि डबाही स्वतःच भरला. चव कशी होती ते तिने कोणाला सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सासू खाली रिक्षापर्यंत आली. गुडघा धरून जिना उतरायला तिला खूप वेळ लागला. "मी तेव्हा स्वार्थाने बोलले," ती म्हणाली. "आताही वाटतं तू जाऊ नयेस. पण जा."

"आई, तपासणीला ह्यांना घेऊन जा. डॉक्टर काय म्हणाला ते समजलं नाही तर पुन्हा विचारायचं. लाजायचं नाही."

"त्याला घेऊन जायचं म्हणजे आणखी एक दुखणं," सासू म्हणाली. सून हसली आणि मग रडली. त्या दोघींमध्ये हे असंच चालायचं, एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं.

नव्या शहरातले पहिले दिवस वाईट गेले. गेस्टहाउसच्या खोलीत तिच्यासारख्याच बॅगा घेऊन आलेली माणसं होती आणि संध्याकाळी सगळे आपापल्या फोनमध्ये तोंड घालून बसायचे. घर शोधताना मालक विचारायचे, एकट्याच? मिस्टर कुठे असतात? ती म्हणायची, असतात त्यांच्या जागी. प्लांटवर हवेचं यंत्र पुन्हा पुन्हा बिघडलं. एका रविवारी नमुने घेऊन परतताना तिला आपण हे कशासाठी केलं असं वाटलं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. सोमवारी ते उरलं नाही, एवढंच.

मॅनेजरचे फोन यायचे. आधी तक्रारींचे, मग प्रश्नांचे. वॉशिंग मशीनमधून पाणी का गळतं, आई हळद घातलेलं दूध मागते ते जेवणाआधी की नंतर. एकदा तर तो आईला गुडघ्याऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, कारण दोघांची आडनावं सारखी होती. म्हातारी तिथे तासभर पाटीवरची अक्षरं वाचून आली. त्यातून चष्म्याचा नंबर बदलल्याचं कळलं, म्हणून त्याने ते आपल्या दूरदृष्टीत जमा केलं. पण पुढच्या वेळी तो योग्य डॉक्टरकडे गेला आणि काय सांगितलं ते त्याला समजलंही.

त्याचा त्याग आता जुना झाला होता, लोकांना बायको कुठे ते दिसत होतं. म्हणून त्याने नवं काढलं. कुणा नातेवाइकाच्या लग्नात तो चारचौघांत म्हणाला, "मीच तिला म्हटलं, जा तू, मी सांभाळतो. आजकालच्या पुरुषाने एवढं मन मोठं ठेवायला हवं." माणसं माना हलवू लागली.

शेजारच्या खुर्चीत आई होती. "याला कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली, आणि पुढ्यातल्या ताटातलं जेवत राहिली.

हे मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मॅनेजरची बायको पायात प्लांटचे पांढरे बूट चढवत होती. परीक्षा झाल्यावर मुलगी आठवडाभर तिच्याकडे येणार होती, त्याचं बोलणं व्हायचं होतं. नवऱ्याचं ऐकून ती नुसतं "हं" म्हणाली. मग विचारलं, "तुझा पेपर कसा गेला? नीट सांग, माझ्याकडे अजून पाच मिनिटं आहेत."